पत्रिकेतलं लग्न आणि जळगावची चार मिनिटं

मागच्या बैठकीत पत्रिकेचा विषय निघाला आणि 'लग्न' हा शब्द ऐकताच कोपऱ्यातून एक आवाज आला, "पोरगी तर अजून पाळण्यात हाय, मंग तिचं लग्न पत्रिकेत कुठून आलं?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न बरोबर होता, म्हणून आजचं बोलणं त्यावरच.

लग्न म्हणजे लागलेलं, चिकटलेलं. बाळ जन्मलं त्या क्षणी पूर्वेला, जिथे आभाळ जमिनीला टेकलेलं दिसतं, तिथे जी रास उगवत असते, ती त्या बाळाची लग्नरास. आपल्या जळगाव जामोदहून पाहिलं तर संग्रामपूरच्या अंगाला जे क्षितिज आहे, तिथे सूर्य जसा उगवतो तशाच राशीही एकामागून एक उगवतात. दिवसरात्रीत बाराच्या बारा राशी वर येऊन जातात. म्हणजे सरासरी एकेका राशीला दोन तास. पण सगळ्यांना सारखा वेळ लागत नाही. आपल्या भागात मीन रास दीड तासात उगवून जाते, कर्क राशीला सव्वादोन तास लागतात.

आता आपण एरवी "माझी रास वृषभ" म्हणतो, ती चंद्राची रास. चंद्र एका राशीत सव्वादोन दिवस असतो. त्यामुळे एकाच दिवशी तालुक्यात जन्मलेल्या बहुतेक बाळांची रास एकच निघते. लग्न मात्र दोन तासांत बदलतं, आणि पत्रिकेतली सगळी घरं लग्नापासून मोजतात. म्हणून रास आणि नक्षत्र सारखं असूनही दोन बाळांच्या पत्रिका अगदी वेगळ्या वाचल्या जातात.

हे ज्यावरून आम्हाला नीट कळलं, तो प्रकार सांगतो. आमच्या गटातल्या एका आजींची नात १० मे २०२४ ला इथेच जन्मली. दिवस लक्षात राहण्यासारखा, अक्षय्य तृतीया. त्याच संध्याकाळी आपल्या तालुक्यात भेंडवळला घटमांडणी होती. बाळाची वेळ दवाखान्याच्या डिस्चार्ज कार्डावर सकाळी ६ वाजून १० मिनिटं. घरात दोन पत्रिका झाल्या. एक मामाने मोबाईलवर काढली, दुसरी गावातल्या गुरुजींनी मांडली. मोबाईलची म्हणाली, मुलीला मंगळ आहे. गुरुजींची म्हणाली, नाही. पोरगी पंधरा दिवसांची नाही तोच घरात कुजबुज सुरू झाली, हिला स्थळ कसं मिळायचं. आजी दोन्ही कागद घेऊन बैठकीला आल्या.

आम्ही ते कागद शेजारी शेजारी ठेवले. आपल्याकडची पत्रिका तुम्ही पाहिलेली आहे, चौकोनात तिरक्या रेघा आणि बारा घरं. तिच्यात वरचं मधलं चौकट घर म्हणजे पहिलं घर, तेच लग्न. त्या घरात जो आकडा लिहिलेला असतो तो घराचा नंबर नव्हे, तो राशीचा नंबर. १ म्हणजे मेष, २ वृषभ, असं १२ मीनपर्यंत. इथेच बहुतेकींची गफलत होते. पहिल्या घरापासून डावीकडे मोजत गेलं की दुसरं, तिसरं, असं फिरत बारावं घर वर उजव्या बाजूला येतं.

मोबाईलच्या कागदावर वरच्या मधल्या घरात १ होता. म्हणजे मेष लग्न. गुरुजींच्या कागदावर २ होता, म्हणजे वृषभ. बाकी ग्रह ज्या राशींत होते त्या दोन्हीकडे सारख्याच. मंगळ मीनेत, शनी कुंभेत, चंद्र आणि गुरू वृषभेत, रवी आणि शुक्र मेषेत. एकही ग्रह हललेला नव्हता. हललं होतं ते फक्त मोजायला सुरुवात करायचं घर.

आता मोजून बघा. मेषेपासून मोजलं तर मीन बारावी येते. आपल्याकडे पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या घरात मंगळ असला की 'मंगळ आहे' म्हणतात. म्हणून मोबाईलच्या कागदावर मंगळ. वृषभेपासून मोजलं तर मीन अकरावी, तिला लाभस्थान म्हणतात. तिथल्या मंगळाला कोणी नावं ठेवत नाही. आभाळातला मंगळ तोच, जागा तीच. एका कागदावर मुलगी मंगळाची झाली, दुसऱ्यावर नाही.

आणि नुसता मंगळच बदलतो असंही नाही. गुरू मेष लग्नाला दुसऱ्या घरात येतो, जिथून पैसा आणि कुटुंब बघतात. वृषभ लग्नाला तोच गुरू थेट पहिल्या घरात, म्हणजे तब्येत आणि स्वभाव बघायच्या जागी. शनीचं तर आणखी गमतीचं आहे. मकर आणि कुंभ या शनीच्या राशी. वृषभेपासून मोजल्या तर त्या नववी आणि दहावी, भाग्याचं आणि कामाचं घर. म्हणून ज्याच्या नावाने आपण शनिवारी तेल घालतो तो शनी वृषभ लग्नाला सगळ्यात चांगला ग्रह धरतात. मेष लग्नाला त्याच राशी दहावी आणि अकरावी होतात आणि तो मान राहत नाही. तेव्हा "अमुक ग्रह वाईट" असं कोणी सरळ सांगू लागलं, तर आधी विचारायचं, कोणत्या लग्नाला?

लग्नराशीचा मालक हाही लग्नासोबत बदलतो. मेषेचा मालक मंगळ, वृषभेचा शुक्र. पत्रिका वाचणारे या मालकाला घरातल्या कर्त्या माणसासारखं धरतात, आधी त्याची जागा बघतात. म्हणजे मोबाईलच्या कागदावर ज्या मंगळाची भीती घातली होती, तोच तिथे कर्ताही होता. हे मात्र त्या कागदाने कुठे लिहिलं नव्हतं. छापील फलितात भीतीची ओळ ठळक असते असा आमचा अनुभव आहे.

मग दोघांत खरं कोण? वेळ तर दोघांनी ६.१०च घातली होती. आमच्यातली एक मुलगी कॉलेजला आहे, तिने मोबाईलवरचा कागद वरपासून वाचला आणि जन्मगावाच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे 'जळगाव' होतं. मामाने यादीत जळगाव दिसलं तसं दाबलं. पण ते जळगाव खानदेशातलं, जिल्ह्याचं गाव. आपण जळगाव जामोद. दोन्हींत सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर अंतर आहे, आपण पूर्वेला. जो गाव पूर्वेला, तिथे सूर्य आधी उगवतो आणि राशीही आधी उगवतात. शंभर किलोमीटरला साधारण चार मिनिटं.

त्या दिवशी आपल्याकडे मेष संपून वृषभ लागली ती सकाळी ६ वाजून ८ मिनिटांच्या सुमारास. खानदेशातल्या जळगावात तीच वृषभ ६.१२ ला लागली. बाळाची वेळ बरोबर मधली, ६.१०. म्हणून गाव चुकलं आणि लग्न चुकलं. मुंबई घातली असती तर वृषभ लागायला ६.२५ झाले असते. कोणी आळसाने सगळ्यांच्या पत्रिकेला मुंबईच धरत असेल तर आपल्याकडच्या किती पोरींची लग्नरास चुकत असेल, याचा हिशेब तुम्हीच करा.

पण गुरुजींचा कागद तरी पक्का म्हणावा का? गाव बरोबर होतं, रीत बरोबर होती. तरी वृषभ लागून दोनच मिनिटं झाली होती. दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ तीन मिनिटं पुढे असलं तर? आणि वेळ कोणती धरली, बाळ बाहेर आलं ती, पहिलं रडलं ती, की सगळं आटोपून सिस्टरने कार्ड लिहायला घेतलं ती? आमच्या आजींच्या वेळी तर 'कोंबडा आरवला तेव्हा' किंवा 'गुरं सुटायच्या वेळेला' एवढीच नोंद. तेवढ्यावर दोन तास टिकणारी रास कशीबशी सांगता येते, आणि सीमेवरची वेळ असेल तर तीही नाही. म्हणून लग्न राशीच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटाला असेल तर ते पक्कं नाही, हे आपण विचारलं पाहिजे. पत्रिकेत लग्नाचे अंश लिहिलेले असतात. एका राशीचे ३० अंश. लग्न ० किंवा १ अंशावर असेल, नाहीतर २९ वर, तर पाच मिनिटांच्या चुकीने सगळी घरं सरकतात. १५ अंशांच्या आसपास असेल तर पाचदहा मिनिटांनी काही बिघडत नाही.

मोठी चूक धरायची एक सोपी खूण आहे, ती सूर्याची. पत्रिकेत सूर्य 'र' किंवा 'सू' असा लिहितात. सूर्योदयाच्या वेळी जन्मलेल्याचा सूर्य पहिल्या घरात, फार तर शेजारच्या बाराव्यात हवा. भरदुपारचा जन्म असेल तर दहाव्याच्या आसपास, सूर्यास्ताचा असेल तर सातव्याजवळ, मध्यरात्रीचा चौथ्याजवळ. आपल्या या नातीचा सूर्य गुरुजींच्या कागदावर बाराव्यात होता, मोबाईलच्या कागदावर पहिल्यात. दोन्ही चालण्यासारखं. पण सकाळी सहाचा जन्म आणि सूर्य सातव्या घरात, असा कागद आला तर समजायचं की सकाळचे सहा घालायच्या जागी संध्याकाळचे घातले.

इथवर जे सांगितलं ते गणित आहे. कोणती रास कधी उगवली हे मोजता येतं, चूक धरता येते. त्या घरावरून जे भविष्य सांगतात त्याचं तसं नाही. २००८ साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सोबत्यांनी आपल्या महाराष्ट्रात याची चाचणी घेतली होती. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० अशा २०० पत्रिका मांडल्या आणि ज्योतिषांना त्यातल्या प्रत्येकी ४० पाठवून विचारलं, यातली कोणती कोणाची? २७ जणांची उत्तरं आली. बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के, म्हणजे छापकाटा करून जेवढी निघाली असती त्याहून थोडी कमीच. पत्रिका बघायची की नाही ते ज्याच्या त्याच्या घरचं. पण चुकलेल्या गावावरून काढलेला मंगळ एखाद्या पोरीच्या कपाळी लागत असेल, तर निदान तो कागद तपासायला लावायचा, असं आमच्या गटाने ठरवलं.

आजींनी मोबाईलचा कागद मामाच्या हातात परत दिला. त्याने तिथेच गावाच्या यादीत जळगाव जामोद शोधून पुन्हा काढला. वरच्या मधल्या घरात २ आला, मंगळ अकराव्यात गेला, लग्नाचे अंश शून्य. आजींनी त्या शून्याभोवती पेनाने गोल केला आणि शेजारी लिहून ठेवलं, 'घड्याळ कोणतं ते माहीत नाही'.