झोळ मोजा, ताण कळेल

बार्सिलोनाजवळच्या कोलोनिया ग्वेल वसाहतीतल्या चर्चसाठी अंतोनी गाउदी या वास्तुकाराने एक अजब प्रतिकृती बनवली होती. छताला टांगलेल्या दोऱ्यांचं जाळं, आणि दोऱ्यांना जागोजागी बांधलेल्या शिशाच्या छऱ्यांच्या पिशव्या. लांबी खऱ्या इमारतीच्या एक दशांश, वजनं दहा हजारांश. दोऱ्या जिथे मोडल्या तिथे कमानींचे कोन ठरले. फोटो काढून उलटा धरला की चर्चचा आकार दिसायचा. या प्रतिकृतीवर जवळपास दहा वर्षं गेली. पुढे १९०८ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि १९१४ मध्ये थांबलं. उभा राहिला तो फक्त तळघराचा भाग.

गाउदीने जे दोऱ्यांकडून करवून घेतलं, ते एका दोरीपुरतं कागदावर पाच मिनिटांत होतं. फ्रेंच गणिती पिएर वारिन्यों याच्या १७२५ मध्ये, मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वजनं लटकवलेल्या दोरीचं हे गणित सविस्तर मांडलेलं आहे. आजही सामान वाहणारा तारमार्ग किंवा झुलता पूल आखताना सुरुवात त्याच विचाराने होते.

एक ओढा धरू. दोन्ही काठांवर सारख्या उंचीचे खांब, मधलं अंतर ४० मीटर. खांबांमध्ये पोलादी तार बांधली आहे आणि तिला तीन ओझी लटकली आहेत: डाव्या खांबापासून १० मीटरवर ४०० किलो, २० मीटरवर २०० किलो आणि ३० मीटरवर आणखी २०० किलो. इंजिनिअर हा हिशेब न्यूटनमध्ये करतात. इथे सोयीसाठी किलोच ठेवू. तार मध्यभागी, म्हणजे २० मीटरवर, खांबांच्या टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेच्या २ मीटर खाली आली आहे. हा तिचा झोळ. बाकीच्या दोन ठिकाणी झोळ किती, आणि तारेच्या चार तुकड्यांत ताण किती?

आधी खांबांवर येणारं वजन काढू. ओझं ज्या खांबाला जवळ, त्याच्या वाट्याला ते जास्त. ४०० किलोंपैकी तीन चतुर्थांश, म्हणजे ३०० किलो, डाव्या खांबाकडे जातात. मधल्या ओझ्यातले निम्मे, म्हणजे १००. उजवीकडच्या ओझ्यातले चतुर्थांश, म्हणजे ५०. डाव्या खांबावर एकूण ४५० किलो आले, उरलेले ३५० उजव्यावर.

आता कळीची गोष्ट. ओझी फक्त खाली ओढतात, आडवं कोणीच ओढत नाही. त्यामुळे तारेतली आडवी ओढ या खांबापासून त्या खांबापर्यंत एकच राहते. बदलतो तो ताणाचा उभा भाग, आणि तोही फक्त ओझं लटकलेल्या जागी. म्हणूनच दोन ओझ्यांमधला तारेचा तुकडा सरळ असतो आणि ओझ्यापाशी कोन पडतो.

ही आडवी ओढ नुसत्या वजनांवरून निघत नाही. तीच ओझी सैल तारेवर असतील तर ओढ कमी, घट्ट तारेवर असतील तर जास्त. म्हणून एका जागचा झोळ तरी मोजलेला लागतो. आपल्याकडे मध्यभागचा आहे. मध्यबिंदूभोवतीचा फिरवणारा जोर काढू: डाव्या खांबाचे ४५० किलो २० मीटरवरून ९००० इतका जोर लावतात, मधलं ४०० किलोंचं ओझं १० मीटरवरून उलट्या दिशेने ४००० इतका. फरक ५०००. तो आडव्या ओढीने पेलायचा आहे, आणि तिच्या हाताशी अंतर आहे फक्त झोळाचं, २ मीटर. म्हणून ओढ २५०० किलो.

एवढं मिळालं की बाकी सगळं उलगडतं. पहिल्या तुकड्यात उभा भाग ४५०, आडवा २५००. म्हणजे तार दर मीटरला ०.१८ मीटर उतरते आणि १० मीटरवर झोळ १.८ मीटर होतो. तिथे ४०० किलो वजा झाले, उभे ५० उरले. पुढच्या १० मीटरमध्ये तार अवघी २० सेंटिमीटर उतरते. झोळ २ मीटर, मोजलेल्या आकड्याशी जुळणारा. मधल्या ओझ्यानंतर उभा भाग १५० होतो, पण दिशा उलटते आणि तार चढू लागते: ३० मीटरवर झोळ १.४ मीटर. शेवटच्या तुकड्यात ३५० किलोंच्या हिशेबाने ती बरोबर १.४ मीटर चढून खांबाच्या टोकाला भिडते. इथे शून्य आलं नाही, तर आधी कुठेतरी चूक झाली आहे असं समजावं.

प्रत्येक तुकड्यातला ताण म्हणजे आडव्या आणि उभ्या भागांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. पहिल्या तुकड्यात २५४० किलो, मग २५०० हून जेमतेम जास्त, मग सुमारे २५०५ आणि शेवटी २५२४. सर्वाधिक ताण नेहमी सगळ्यात तिरक्या तुकड्यात असतो. ओझी एकूण ८०० किलोंची, तरी तारेला तिपटीहून अधिक ओढ बसते आहे.

खांब वेगळ्या उंचीचे असले, जसे डोंगरी रोपवेत असतात, तरी झोळ याच रीतीने निघतो. फक्त तो दोन टोकांना जोडणाऱ्या तिरक्या रेषेपासून सरळ खाली मोजायचा. ताण काढताना त्या रेषेचा उतार मात्र प्रत्येक तुकड्याच्या उतारात मिळवावा लागतो.

तार जरा घट्ट केली तर? झोळ २ मीटरवरून १ मीटर केला की आडवी ओढ दुप्पट, ५००० किलो होते. दोन मीटर झोळ असताना तारेची लांबी ४० मीटरपेक्षा फक्त २८ सेंटिमीटर जास्त असते, एक मीटर झोळाला ७ सेंटिमीटर. म्हणजे ओझी लटकलेल्या स्थितीत २१ सेंटिमीटरच्या फरकाने ताण दुप्पट. टर्नबकल पिळून तार ‘छान ताठ’ करणाऱ्याला हे डोळ्यांना दिसत नाही.

सोळा मिलिमीटरचा वायररोप धरला तर तो तुटायला साधारण १३ टन लागतात. त्याच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतच ताण येऊ द्यायचा ठरवला तर मर्यादा २६०० किलो. आपले २५४० त्यात बसले, पण तारेचं स्वतःचं वजन अजून धरलेलंच नाही. मीटरला सुमारे १ किलो म्हणजे एकूण ४० किलो. ते ओझ्यांच्या जागी दहा-दहा किलोंनी वाटलं आणि उरलेलं खांबांवर सोडलं, तर आडवी ओढ २६०० आणि पहिल्या तुकड्यातला ताण २६४० होतो. मर्यादा ओलांडली! उपाय जाड तार हाच असं नाही. मध्यभागी झोळ १० सेंटिमीटरनी वाढवून २.१ मीटर केला की ताण २५२० च्या आसपास उतरतो.

ओझी काढली-घातली की आकारही बदलतो. डावीकडचं ४०० किलोंचं ओझं उतरवलं आणि तार लांबीने तेवढीच राहिली असं मानलं, तर आडवी ओढ १४०० किलोंवर येते. १० मीटरवरची जागा १.८ वरून सुमारे १.१ मीटरवर उचलली जाते, आणि ज्याला कोणी हातही लावला नाही ते ३० मीटरवरचं ओझं १.४ वरून १.८ मीटरवर घसरतं. प्रत्यक्षात ताण कमी झाल्यावर तार थोडी आखडते, त्यामुळे ही घसरण जरा कमी भरते, पण दिशा तीच.

तारेचं हे ताणलं जाणं दुर्लक्षिण्याजोगं नाही. अडीच टन ओढीखाली असा ४० मीटरचा वायररोप १० सेंटिमीटरच्या घरात लांबतो. शिवाय नव्या वायररोपचे पीळ पहिल्या भारांनी आवळून बसतात, तेव्हा तो आणखी थोडा कायमचा लांबतो. म्हणून तार कापताना मोजलेल्या लांबीवरून ताण ठरवणं धोक्याचं. सगळी ओझी लटकवून लेव्हल यंत्राने मध्यभागचा झोळ मोजावा, त्यावरून आडवी ओढ काढावी, आणि काही आठवडे वापर झाल्यावर हेच माप पुन्हा घ्यावं.