परतावा किती, ते आधी सांगा

वर्षभराची फी भरून जिम लावली आणि चार महिन्यांत बदलीची ऑर्डर आली. सदस्यत्व रद्द करायचा अर्ज दिल्यावर जिमकडून मेसेज येतो: ‘आपली विनंती स्वीकृत झाली असून नियमानुसार लागू वजावटी करून प्रोराटा तत्त्वावर परतावा प्रक्रियेत आहे.’ यात रक्कम नाही, तारीख नाही. साहजिकच सदस्य फोन करतो आणि काउंटरवरचा माणूस तोच हिशोब तोंडी सांगत बसतो.

सदस्याला हवे असते ते एवढेच: किती मिळणार, कसे काढले, कधी आणि कुठे जमा होणार. त्याच क्रमाने लिहिलेला मेसेज असा:

‘नमस्कार. तुमचे सदस्यत्व १२ ऑगस्टला बंद केले आहे. तुम्हाला ६,९३० रुपये परत मिळतील.
वार्षिक फी: १०,९५० रुपये
एका दिवसाचे: १०,९५० ÷ ३६५ = ३० रुपये
झालेले दिवस (१ एप्रिल ते १२ ऑगस्ट, दोन्ही धरून): १३४
उरलेले दिवस: ३६५ − १३४ = २३१
परतावा: २३१ × ३० = ६,९३० रुपये
प्रवेशाच्या वेळी भरलेले ५०० रुपये नोंदणी शुल्क पावतीवरील अटीनुसार परत मिळत नाही.
रक्कम तुम्ही फी भरलेल्या खात्यातच २२ ऑगस्टपर्यंत जमा होईल.’

वाद बहुधा तारखेवरून होतो. सदस्य म्हणतो, ‘मी १५ जुलैपासून आलोच नाही.’ जिम मात्र अर्जाच्या तारखेपर्यंतचे दिवस धरते. म्हणून ‘झालेले दिवस’ कुठून कुठपर्यंत मोजले, हे कंसात लिहिलेच पाहिजे. ‘वापरलेले दिवस’ असे लिहिले, तर न आलेले दिवस वजा करा, असा आग्रह होणारच.

दुसरी गोम पैशांतली. फी १२,००० असेल, तर दिवसाचे ३२ रुपये ८७ पैसे आणि वर काही पडतात. ते आधीच ३२ धरले, तर २३१ दिवसांत सदस्याचे दोनशेहून जास्त रुपये बुडतात. तेव्हा आधी गुणावे, मग भागावे आणि अगदी शेवटी पूर्ण रुपया करावा: १२,००० × २३१ ÷ ३६५, म्हणजे ७,५९५ रुपये.

पाठवण्याआधी एक पडताळणी करावी. झालेल्या दिवसांचे ४,०२० आणि परताव्याचे ६,९३० मिळून फी जुळली पाहिजे.

काही ठिकाणी मात्र झालेला काळ मासिक दराने धरण्याची अट असते. दर १,५०० असेल आणि अपुरा महिनाही पूर्ण मोजला, तर पाच महिन्यांचे ७,५०० वजा होऊन हातात फक्त ३,४५० येतात. अशा वेळी अर्जावर सही घेतलेली ती अट मेसेजमध्ये जशीच्या तशी द्यावी. ती अर्जात नसेल, तर रद्द करताना नव्याने लावता येत नाही.