पर्स्पेक्सचं भिंग आणि डोळ्यातलं पाणी

लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये २९ नोव्हेंबर १९४९ रोजी हॅरल्ड रिडली या नेत्रतज्ज्ञाने ४५ वर्षांच्या एका बाईंचा मोतीबिंदू काढला आणि त्या जागी पर्स्पेक्सचं छोटंसं भिंग बसवलं. तोवर मोतीबिंदू काढला की डोळ्यातलं भिंगच नाहीसं व्हायचं आणि रुग्णाच्या नाकावर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा यायचा. पर्स्पेक्स डोळ्याला चालतं, हे रिडलींना युद्धातल्या वैमानिकांकडे पाहून ठाऊक झालं होतं. विमानाच्या फुटलेल्या छताचे कण त्यांच्या डोळ्यांत वर्षानुवर्षं राहिले, तरी डोळा चिडला नव्हता.

शस्त्रक्रिया जमली. भिंग जागेवर बसलं. पण बाईंचा नंबर निघाला मायनस वीसच्या आसपास! म्हणजे नाकासमोरच्या चार-पाच सेंटिमीटरपलीकडचं सगळं धूसर. भिंग चुकीचं घासलेलं नव्हतं. निसर्गाने दिलेल्या भिंगाचीच वळणं त्यात उतरवली होती, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. तो समजून घ्यायचा तर अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रातलं भिंगकर्त्याचं सूत्र पुरेसं आहे. त्यातला सहसा घाईत उरकला जाणारा भाग मात्र नीट पाहायला हवा.

दोन्ही बाजूंनी फुगीर असलेलं भिंग घ्या. त्याचा प्रत्येक पृष्ठभाग हा एका काल्पनिक गोलाचा तुकडा असतो आणि त्या गोलाची त्रिज्या म्हणजे त्या बाजूची वक्रतात्रिज्या. दोन्ही बाजू सारख्याच फुगीर असायला हव्यात असं काही नाही. समजा, आपल्या भिंगाची एक बाजू २० सेंटिमीटर त्रिज्येची आहे आणि दुसरी ३० सेंटिमीटरची. त्रिज्या लहान म्हणजे वळण जास्त, तेव्हा २० वाली बाजू अधिक फुगीर. भिंग हवेत असताना सूत्र असं:

1/f = (n − 1)(1/R1 + 1/R2)

यात f म्हणजे नाभीय अंतर आणि n म्हणजे काचेचा अपवर्तनांक, साधारण १.५. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या कंसात वजाचं चिन्ह असतं, पण तिथे दुसरी त्रिज्याच ऋण धरलेली असते, म्हणून दोन्ही बाजू फुगीर असल्या की शेवटी बेरीज होते. विद्यार्थी वजा विसरत नाहीत, त्रिज्येचं ऋण चिन्ह विसरतात, आणि मग याच भिंगाचं नाभीय अंतर २४ ऐवजी १२० सेंटिमीटर काढून मोकळे होतात. चूक पकडायला सोपी युक्ती आहे: दोन्ही त्रिज्या सारख्या धरून पाहा. वजाबाकी केली असेल तर उत्तर शून्य येईल, म्हणजे दोन्हीकडून टम्म फुगलेलं भिंग साध्या सपाट काचेसारखं निष्प्रभ ठरेल.

बेरीज करू. १/२० अधिक १/३० म्हणजे १/१२. त्याला (१.५ − १) म्हणजे ०.५ ने गुणलं की १/२४. नाभीय अंतर २४ सेंटिमीटर. भिंग उलटं धरलं तरी बेरीज तीच, म्हणून अंतरही तेच. जास्त फुगीर बाजू प्रकाशाकडे ठेवली की ‘पॉवर’ वाढते, हा समज बराच पसरलेला आहे. पातळ भिंगापुरता तरी तो खरा नाही. प्रतिमा किती स्वच्छ येते, यात मात्र फरक पडतो.

सूत्रात दोन कंस आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. दुसरा कंस आकाराचा: भिंग कसं घासलंय, एवढंच तो सांगतो. पहिला कंस सांगतो की काचेत आणि भोवतालच्या हवेत किती तफावत आहे. त्यातला १ हा हवेचा अपवर्तनांक. हवेत भिंगं वापरून वापरून तो १ आपल्याला दिसेनासा झालेला असतो.

आता हेच भिंग पाण्यात पूर्ण बुडवा. आकार काही बदलला नाही, दुसरा कंस १/१२ च राहिला. पहिल्या कंसात मात्र १.५ ऐवजी काच आणि पाणी यांचं गुणोत्तर येतं: १.५ भागिले १.३३, म्हणजे जवळपास ९/८. त्यातून १ वजा केला की उरतं १/८. नाभीय अंतर झालं ९६ सेंटिमीटर, हवेतल्याच्या चौपट. घरात वाचायचं भिंग असेल तर पाण्याच्या बादलीत, तळाला नाणं टाकून, करून पाहता येतं. भिंग पाण्यावर धरलं तर नाणं ठळक मोठं दिसतं, आणि पाण्यात पूर्ण बुडवलं की मोठेपणा बराचसा ओसरतो. त्याच भिंगाला औषधाच्या दुकानातल्या ग्लिसरीनमध्ये बुडवलं, तर ग्लिसरीनचा अपवर्तनांक १.४७ असल्यामुळे नाभीय अंतर जवळपास सहा मीटरवर जातं आणि काचेच्या कडाही दिसेनाशा होऊ लागतात. १.६३ अपवर्तनांकाच्या कार्बन डायसल्फाइडमध्ये तर कंसातलं उत्तर ऋण येतं. फुगीर भिंग प्रकाश गोळा करायचं सोडून पसरवू लागतं आणि नाभीय अंतर उणे दीड मीटर होतं. हा शेवटचा प्रयोग कागदावरच बरा, कारण तो द्रव विषारी आहे आणि भसकन पेटतो.

पाण्याने भिंगाची ताकद कमी होते, एवढं बहुतेकांच्या लक्षात राहतं. रिडलींच्या रुग्णाला भोवलं ते याच्या पुढचं.

आपल्या डोळ्यातलं नैसर्गिक भिंग जन्मापासून द्रवात बुडालेलंच असतं. पुढे पाण्यासारखा द्रव, मागे जेलीसारखा, आणि दोन्हींचा अपवर्तनांक १.३३६. भिंगाच्या दोन बाजूही सारख्या नाहीत. डोळा लांब पाहत असताना पुढच्या बाजूची त्रिज्या सुमारे १० मिलिमीटर, मागची सुमारे ६. आतला पदार्थ थराथरांनी बदलत जातो, पण सगळा मिळून तो १.४१ च्या आसपासच्या एकसंध पदार्थासारखा वागतो. डोळ्यांचे डॉक्टर भिंगाची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात आणि तिथे गुणोत्तराऐवजी अपवर्तनांकांचा सरळ फरक घेतात. त्रिज्या मीटरमध्ये धरून आकाराचा कंस काढला, तर १०० अधिक १६७, म्हणजे २६७. द्रवातली तफावत १.४१ वजा १.३३६, म्हणजे ०.०७४. गुणाकार साधारण २० डायॉप्टर.

पर्स्पेक्सचा अपवर्तनांक आहे १.४९. १.४१ आणि १.४९, फरक किरकोळ वाटतो. हवेत तो खरोखरच फार मोठा नसता: एकाचा कंस ०.४१, दुसऱ्याचा ०.४९. तीच वळणं दिली, तर पर्स्पेक्सचं भिंग पाचव्या हिश्शाने जास्त ताकदवान ठरलं असतं. पण डोळ्यात हवा नाही. तिथे दोघांमधून १ नव्हे, १.३३६ वजा करायचा. एकाकडे उरतात ०.०७४ आणि दुसऱ्याकडे ०.१५४. दुपटीहून जास्त! २६७ ला ०.१५४ ने गुणलं की ४१ डायॉप्टर, म्हणजे हवे होते त्यापेक्षा २१ जास्त. हा हिशेब ढोबळ आहे. भिंग डोळ्याच्या आत असतं आणि चष्मा बाहेर, म्हणून चष्म्याचा नंबर तंतोतंत एवढाच येत नाही. तरी चूक केवढी झाली असेल, हे त्यातून कळतं. द्रव भिंगाची ताकद घटवतो, पण दोन पदार्थांमधला जो फरक हवेत लपून जातो, तो द्रवात फुगून समोर येतो.

उपाय काय? पदार्थ बदलता येत नव्हता, म्हणून वळणं सौम्य केली. रिडलींच्या नंतरच्या भिंगांची पुढची त्रिज्या १७.८ मिलिमीटर होती आणि मागची १०.७. पुढच्या-मागच्या बाजूंचं प्रमाण जवळपास नैसर्गिक भिंगासारखंच ठेवलं, फक्त दोन्ही बाजू सारख्याच पटीत चपट्या केल्या. आकाराचा कंस दीडशेच्या जवळ आला आणि ताकद २३ डायॉप्टरच्या आसपास.

आज घरातल्या कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की भिंगाच्या खोक्यावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेलं दिसतं. त्यावर समजा +२१.० लिहिलंय. हा आकडा भिंग डोळ्यातल्या द्रवात असतानाचा आहे. तेच भिंग पर्स्पेक्सचं असेल आणि टेबलावर हवेत मोजलं, तर ०.४९ भागिले ०.१५४ या हिशेबाने तिप्पटीहून जास्त, ६७ डायॉप्टरच्या आसपास भरेल. नाभीय अंतर जेमतेम १५ मिलिमीटर.

इथपर्यंत दोन्ही बाजूंना एकच द्रव होता, म्हणून कुठली बाजू पुढे आणि कुठली मागे याला महत्त्व नव्हतं. पण डोळ्याचा पडदा सुटला, तर दुरुस्तीच्या शस्त्रक्रियेत मागची जेली काढून तिथे कधी कधी सिलिकॉन तेल भरतात. त्याचा अपवर्तनांक १.४०. आता भिंगाच्या पुढे एक द्रव आणि मागे दुसरा, आणि सूत्र एका कंसात मावत नाही. प्रत्येक बाजूचा हिशेब वेगळा मांडून शेवटी बेरीज करावी लागते. १७.८ आणि १०.७ वालं भिंगच घेऊ. पुढची बाजू ८.६ डायॉप्टर देत होती, अजूनही देते, कारण तिच्यासमोरचा द्रव तोच आहे. मागची बाजू आधी १४.४ देत होती. तेलात तफावत ०.१५४ वरून ०.०९ वर आली, म्हणून ती ८.४ वर घसरते. एकूण सहा डायॉप्टरचा खड्डा. रुग्णाचा नंबर प्लसकडे सरकतो.

याच डोळ्यात भिंग उलटं, म्हणजे जास्त फुगीर बाजू पुढे करून बसवलं असतं तर? तेल आता कमी फुगीर बाजूला लागतं आणि नुकसान साडेतीन डायॉप्टरच्या थोडं वर थांबतं. मागची बाजू पूर्ण सपाट असेल तर या हिशेबात काहीच जात नाही, कारण सपाट पृष्ठभागाची ताकद मुळातच शून्य, मग त्याला पाणी लागो की तेल. म्हणून ज्या डोळ्यात तेल भरायची वेळ येईल अशी शंका असते, तिथे मागून सपाट भिंग निवडणं सोयीचं ठरतं. बाकीच्या रुग्णांना, तेल पुढे काढायचं ठरलेलं असेल, तर ते निघेपर्यंत कायमचा चष्मा करायची घाई करू नका असं सांगतात. तेल निघून पाण्यासारखा द्रव आला की मागच्या बाजूची गेलेली ताकद परत येते आणि केलेला चष्मा वाया जातो.