हिशेबाची कागदपत्रे – लेखांक नववा : छायाचित्रे पुन्हा काढण्याची विनंती

गेल्या लेखांकात रोखीच्या खर्चास पावतीचा आधार कशासाठी लागतो, याचे विवेचन झाले. ती पावती आता हिशेबनिसाच्या हाती कागदाच्या रूपाने क्वचितच येते; ती मोबाइलवरच्या छायाचित्राच्या रूपाने येते, आणि त्यामुळे आमच्या धंद्यात एक नवे काम शिरले आहे. ते म्हणजे आलेले छायाचित्र का चालत नाही, हे अशिलाला त्याचे मन न दुखावता, परंतु कोठलाही संशय न ठेवता लिहून कळविणे. ‘छायाचित्रे अस्पष्ट आहेत, कृपया पुन्हा पाठवावीत’ एवढ्या एका ओळीवर हे काम भागविणारे पुष्कळ आहेत. त्या ओळीस उत्तर म्हणून तीच छायाचित्रे दुसऱ्यांदा येतात, हा माझा अनुभव आहे.

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि वर्षभर डब्यात, पिशवीत, होडीच्या केबिनमध्ये साठलेले कागद उलगडावयास पाचूबंदरच्या नाखव्यांना सवड मिळते. अशाच एका बंदीत तेथल्या एका नाखव्याच्या घरून व्हॉट्सॲपवर मला रात्री साडेदहानंतर त्रेचाळीस छायाचित्रे आली. त्यांपैकी तेरा निरुपयोगी होती. दुसऱ्या दिवशी मी त्यांस जो ई-मेल धाडला, त्याचा मुख्य भाग नावगाव वगळून येथे देतो.

‘आदरणीय नाखवा, सप्रेम नमस्कार. पत्र आपल्या नावे असले तरी छायाचित्रे सूनबाईंनी काढली असल्यामुळे पुढील मजकूर त्यांनी वाचावा. त्रेचाळीसपैकी तीस छायाचित्रे उत्तम आली आहेत, ती पुन्हा काढू नयेत. उरलेल्यांविषयी लिहितो. IMG_2231 मध्ये चटईवर डिझेलची चार बिले एकत्र मांडली आहेत. त्यांतील दुसऱ्या बिलाची तारीख ११ ऑक्टोबर आहे की १७ ऑक्टोबर, हे मला सांगता येत नाही, आणि बिलाचा क्रमांक वरच्या कडेबाहेर राहिला आहे. प्रत्येक बिलाचे वेगळे छायाचित्र घ्यावे, बिलाच्या चारही कडा दिसाव्यात आणि सभोवार बोटभर चटई दिसावी. त्याच चित्रातील तिसरे बिल कागदावरच पुसट झाले आहे की केवळ चित्रात, ते डोळ्यांनी पाहून कळवावे. IMG_2240 ते IMG_2249 या दहा चित्रांवर दुधाळ पडदा आहे. मोबाइलच्या भिंगावर तेलकट बोट लागले असावे, ते मऊ सुती फडक्याने पुसून मग काढावीत. IMG_2252 या बँकेच्या पासबुकाच्या पानावर मधल्या घडीतल्या दोन ओळी सावलीत गेल्या आहेत. IMG_2255 मधील बर्फाच्या पावतीवर जांभळा शिक्का रकमेवरच आला आहे आणि चित्र कृष्णधवल असल्याने शिक्का व आकडा एकमेकांत मिसळले आहेत. ते रंगीत पाठवावे. आणि एकच शेवटची विनंती : चित्रे फोटो म्हणून न पाठविता Document म्हणून पाठवावीत.’

या पत्रात प्रत्येक दोषाला चित्राचा क्रमांक, न वाचता येणारी नेमकी जागा आणि दोषाचे कारण अशी तीन अंगे आहेत. यांतले कोणतेही एक वगळले तर सूनबाईंना काय बदलावयाचे ते कळत नाही. ‘अस्पष्ट’ हा शब्द मी पत्रात मुद्दाम कोठेही वापरला नाही, कारण अस्पष्टतेच्या जाती निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे. हात हलला असेल तर अक्षरे एकाच दिशेला दुहेरी दिसतात; मोबाइल फार जवळ धरल्याने नजर जुळली नसेल तर सर्व रेषा सारख्याच फुगतात; भिंग तेलकट असेल तर सर्व चित्रांवर, म्हणजे ज्यांत काही दोष नसावा अशांवरही, धुके पसरते आणि दिव्याभोवती वलय उमटते; आणि चित्र पाठविताना दाबून लहान केले गेले असेल तर आकड्यांच्या भोवती बारीक किरकिरी ठिपके जमतात. त्या दहा चित्रांत हे धुके ओळीने सर्वत्र होते, म्हणून मला बोटाचा संशय आला. मासळी हाताळणाऱ्या घरात मोबाइलच्या भिंगाला तेल लागणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे.

आता ११ आणि १७ यांच्या घोटाळ्याकडे वळतो. या एका अंकावर तेरा हजार आठशे रुपयांचा खर्च अवलंबून होता. पहिले बिल निःसंशय ११ ऑक्टोबरचे, ऐंशी लिटर, दर ९२ रुपये, रक्कम ७,३६०. दुसरे सत्तर लिटरचे, रक्कम ६,४४०. दोन्ही एकाच पंपाची आणि दोन्ही रोखीने भागविलेली. आयकराच्या नियमाप्रमाणे एकाच दिवशी एकाच व्यक्तीस रोखीने दिलेली एकूण रक्कम दहा हजारांवर गेली तर तो खर्च वजावटीस पात्र राहत नाही. दुसरे बिल १७ तारखेचे असेल तर दोन्ही खर्च मान्य होतात. ११ तारखेचेच असेल तर दोन्ही मिळून १३,८०० होतात आणि सगळेच नामंजूर होते. रकमेला गुणाकाराची साक्ष असते, सत्तर गुणिले ब्याण्णव म्हणजे चौसष्टशे चाळीस, तेव्हा चार अस्पष्ट असला तरी तो हिशेबाने शोधून काढता येतो; परंतु तारखेच्या अंकाला असा कोणताही साक्षीदार नसतो. एक होता, बिलाचा क्रमांक. तो कडेबाहेर राहिल्यामुळे तोही गेला.

हा अंक वाचता का आला नाही, याचे कारण मोजून दाखविता येते. पंपावरचे छपाईयंत्र उष्णतेने छापते. त्याच्या नेहमीच्या छपाईत एका मिलिमीटरला आठ ठिपके असतात आणि साधारण अंक चोवीस ठिपके, म्हणजे तीन मिलिमीटर, उंच असतो. चटईवरच्या त्या चार बिलांनी अंदाजे पन्नास सेंटिमीटर लांबीची जागा व्यापली होती, आणि व्हॉट्सॲपने चित्र फोटो म्हणून पाठविताना त्याची लांब बाजू सुमारे सोळाशे बिंदूंवर आणली होती. पाचशे मिलिमीटरांना सोळाशे बिंदू, म्हणजे मिलिमीटरला तीनच. अंकाच्या उंचीला दहा, आणि सातच्या माथ्यावरच्या, पाव मिलिमीटर जाडीच्या आडव्या रेषेच्या वाट्याला एक बिंदूही नाही. शिवाय चित्र दाबताना यंत्र त्याचे आठ-आठ बिंदूंचे चौकोन पाडते आणि प्रत्येक चौकोनातले बारीक फरक टाकून देते. सातचा माथा अशा एका चौकोनात सहज नाहीसा होतो. उलट, पंधरा सेंटिमीटरचे एकच बिल चित्रभर घेतले आणि मोबाइलने मूळचे काढलेले चार हजार बिंदू तसेच येऊ दिले, तर मिलिमीटरला सुमारे सत्तावीस बिंदू मिळतात आणि तोच अंक सुमारे ऐंशी बिंदू उंच होतो. चित्र मागाहून मोठे करून पाहिल्याने हा फरक भरून येत नाही, हे येथे सांगणे भाग आहे. जे बिंदू टिपलेच गेले नाहीत ते कोणत्याही पडद्यावर प्रकट होत नाहीत.

शिक्क्याची गोष्ट याहून सोपी, परंतु हल्ली फार घडणारी आहे. कागदपत्रे टिपण्याची काही ॲप्स चित्राला आपोआप कृष्णधवल करतात. पान शुभ्र व अक्षर काळेभोर दिसते म्हणून लोकांना ते आवडते. यंत्र मात्र विशिष्ट छटेहून गडद ते सर्व काळे आणि फिके ते सर्व पांढरे करीत जाते. निळा आकडा आणि त्यावरचा जांभळा शिक्का डोळ्यांना वेगळे असतात. त्या काळ्या-पांढऱ्या न्यायात दोन्ही काळेच ठरतात, आणि समासात शिसपेन्सिलीने केलेली टीप अजिबात उरत नाही. मला तरी रंगीत चित्रच हवे असते, भले त्यात चटई मळकट दिसो.

पुसट बिलाचे मात्र निदान निराळे आहे, कारण तेथे छायाचित्रकाराचा दोष नसतो. त्या कागदावर शाई नसतेच. कागदाच्या पृष्ठभागावर रंगहीन द्रव्य आणि त्याला रंग आणणारे आम्लधर्मी द्रव्य शेजारी शेजारी बसविलेले असतात. छपाईयंत्राच्या उष्णतेने दोन्ही वितळून एकत्र आली की काळा रंग उमटतो. तेल लागले, ऊन लागले किंवा कागद प्लॅस्टिकच्या लवचीक पाकिटात महिनोन्महिने राहिला, की हा रंग मागे फिरतो. नाखव्यांनी बिले जपण्यासाठी म्हणूनच पाकिटात घातली होती. अशा बिलावर खिडकीजवळ बाजूने प्रकाश पडू दिल्यास एखादी ओळ क्वचित वाचता येते. पण फार झाले असेल तर पंपाच्या दप्तरातील प्रत शिक्क्यासह मागावी लागते. फिक्या बिलाला इस्त्री करून पाहणारे एक गृहस्थ मला भेटले आहेत; अख्खे बिल काळे झाले.

पासबुकाविषयी मी आग्रह धरला तो थोड्या वेगळ्या कारणाने. घडीच्या वर शिल्लक ४८,२५० होती आणि घडीच्या खाली ३१,७५०. सावलीत गेलेल्या दोन ओळींचा एकूण परिणाम १६,५०० रुपये कमी होण्याचा आहे, एवढे कोणालाही वजाबाकीने सांगता येईल, आणि घाईचा हिशेबनीस ‘काढले १६,५००’ अशी एक नोंद करून मोकळा होईल. ताळा जुळेलही. परंतु त्या सावलीत काय घडले ते मात्र ताळ्याने कळत नाही.

आठ दिवसांनी Document म्हणून नवी चित्रे आली, सकाळच्या उजेडात, ओटीवर, दाराच्या सावलीत काढलेली. दुधाळ पडदा गेला होता. दुसऱ्या बिलाची तारीख १७ निघाली. दोन बिलांच्या क्रमांकांत सहाशेहून अधिक अंतर होते, तेव्हा एकाच दिवसाचा प्रश्नच राहिला नाही. पासबुकाच्या घडीत ३,५०० रुपये जमा आणि २०,००० रुपये खर्ची अशा दोन नोंदी सापडल्या. जमेची रक्कम सुक्या बोंबलांच्या विक्रीची होती, म्हणजे एका नोंदीवर भागविले असते तर उत्पन्नातून तेवढी विक्री गळली असती. तिसरे बिल कागदावरच कोरे झाल्याचे सूनबाईंनी कळविले. साठ लिटर, ५,५२० रुपये, अशी नाखव्यांच्या वहीत नोंद आहे, आणि पंपाकडून दुय्यम प्रत मिळविण्यास मुलगा गेला आहे असा निरोप आला. ती येईपर्यंत खतावणीत त्या ओळीपुढे शिसपेन्सिलीची फुली आहे.