बिलात तीन हजार, पीओत दोन हजार

छोट्या कारखान्यांत बिल बहुतेक वेळा आधी व्हॉट्सॲपवर येतं. टेम्पो अजून वाटेत असतो आणि अकाउंट्सच्या टेबलावर बिलाचा फोटो पोचलेला असतो. हा फोटो खरेदीच्या ऑर्डरशी, म्हणजे पीओशी लावून पाहिला आणि रक्कम जुळली नाही, तर सप्लायरला कळवावं लागतं. बहुतेक जण एका ओळीत कळवतात: ‘तुमचं बिल जुळत नाही, चेक करा.’ या ओळीने काहीच होत नाही. समोरचा माणूस त्याच्याकडच्या बिलाची बेरीज करून बघतो. ती बरोबर असते, म्हणून ‘आमचं बरोबर आहे’ असं उत्तर येतं आणि पेमेंट अडकतं. पत्राला खरं बळ येतं ते फरक नेमका कोणत्या ओळीत आहे हे दाखवल्यावर. त्यामुळे पत्राआधी थोडा हिशेब करावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. फॅब्रिकेशन करणाऱ्या एका वर्कशॉपने नटबोल्ट बनवणाऱ्या एका लघुउद्योगाला ऑर्डर दिली. बारा एमएमचे बोल्ट 2,000 नग, दर 12 रुपये. त्याच मापाचे नट 2,000, दर 3 रुपये. वॉशर 4,000, दर 1 रुपया. मालाची किंमत 34,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 6,120, म्हणजे एकूण 40,120 रुपये. फोटोतल्या बिलाची बेरीज मात्र 43,660. फरक 3,540 रुपयांचा.

सगळ्यात आधी या फरकातून कर बाजूला काढायचा. 3,540 ला 1.18 ने भागलं की बरोबर 3,000 येतात. असा गोल आकडा आला की करात किंवा बेरजेत घोळ नसून एखाद्या नगाच्या किंवा दराच्या ओळीत गडबड आहे, असा संशय घ्यायला जागा होते. तीन हजार रुपये म्हणजे एक हजार नट असू शकतात, तीन हजार वॉशर असू शकतात, किंवा पीओत नसलेलं टेम्पोभाडंही असू शकतं. आता फोटोतली एकेक ओळ वाचायची.

इथे फोटो आडवा येतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, कागदाला घडी पडलेली असते, आणि 2 चा 3 दिसायला वेळ लागत नाही. डोळ्यांवर विसंबायचं कारण नाही, बिलातलं गणितच उत्तर देतं. नटाच्या ओळीत नग ‘3000’ असे वाटतायत. दर 3 रुपये. त्या ओळीची रक्कम 9,000 असेल, तर अंक खरोखर तीनच आहे. 6,000 असेल, तर तो दोन आहे आणि आपली नजर चुकली. या बिलात 9,000 आहेत. खाली सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी 3,330 आहेत, म्हणजे करही 37,000 वर लागलाय. फोटो नीट वाचला गेला आहे. फरक एक हजार नटांचाच आहे.

बिलावर क्यूआर कोड असेल, म्हणजे ते ई-इनव्हॉइस असेल, तर तोही तपासावा. पण त्याची मर्यादा लक्षात ठेवावी. त्या कोडमध्ये दोघांचे जीएसटी नंबर, बिलाचा नंबर, तारीख, एकूण रक्कम आणि किती ओळी आहेत अशी ढोबळ माहिती असते. प्रत्येक ओळीतले नग नसतात. फोटोतला एकूण आकडा खरा की खोटा हे त्यावरून कळतं, नट किती हे कळत नाही.

एवढं झाल्यावरही पत्र लगेच पाठवू नये. सप्लायरच्या बिलात तीन हजार आणि आपल्या पीओत दोन हजार, यात चूक आपलीही असू शकते. शॉपवरच्या कुणीतरी फोनवर ‘हजार नट जास्तीचे टाका’ म्हटलेलं असतं आणि पीओ बदलायचा राहतो. म्हणून तिसरा कागद बघायचा: स्टोअरची आवक नोंद. प्रत्यक्ष माल किती उतरला? नट मोजत बसायला नको. बारा एमएमचा एक नट साधारण 16 ते 17 ग्रॅम भरतो. शंभर नट तोलून सरासरी काढली की सगळी पोती वजनावर मोजता येतात. हजार नटांचा फरक म्हणजे सोळा किलोंच्या वर, तो काट्यावर लपत नाही. आपल्या उदाहरणात स्टोअरने दोन हजारच नोंदवले आहेत. काही धंद्यांत, विशेषतः छपाई आणि पॅकिंगमध्ये, ऑर्डरपेक्षा थोडा कमीजास्त माल चालेल अशी अट पीओतच असते. तीही एकदा वाचून घ्यावी. पण दोन हजारांचे तीन हजार कुठल्याच सवलतीत बसत नाहीत.

आता पत्र लिहायचं.

‘स.न.वि.वि. आपल्या बिलाचा फोटो मिळाला. आमच्या पीओशी ते ताडून पाहता नटांच्या ओळीत फरक आढळला. पीओप्रमाणे नट 2,000, आमच्या आवक नोंदीप्रमाणे मिळालेले नट 2,000, बिलात लावलेले नट 3,000. जास्तीच्या 1,000 नगांचे 3,000 रुपये व त्यावरील जीएसटी 540 रुपये, एकूण 3,540 रुपये जादा लागले आहेत. बाकीच्या दोन्ही ओळी बरोबर आहेत. आपल्या चलनावर नटांचे किती नग आहेत ते कृपया पाहून कळवावे. माल 2,000 नगच पाठवला असल्यास 3,540 रुपयांची क्रेडिट नोट द्यावी. उरलेले 40,120 रुपये ठरलेल्या तारखेला देण्यात येतील. पीओ, आवक नोंद आणि बिलाचा फोटो सोबत जोडला आहे.’

वरती बिलाचा आणि पीओचा नंबर, तारखा. एवढं पुरे. यात ‘तुम्ही चूक केली’ असं कुठेही म्हटलेलं नाही, कारण हजार नट टेम्पोतून उतरायचेच राहिले असतील, हेही शक्य आहे. ‘बाकीच्या ओळी बरोबर आहेत’ हे वाक्य मात्र मला फार मोलाचं वाटतं. वाद किती रुपयांचा आहे हे त्याने ठरतं, आणि लहान सप्लायरचे चाळीस हजार साडेतीन हजारांसाठी अडवून धरले जात नाहीत.

क्रेडिट नोटच का मागायची, ‘सुधारित बिल पाठवा’ का नाही? ई-इनव्हॉइस रद्द करायला फक्त 24 तास मिळतात. त्यानंतर आणि एरवीही, बिल जीएसटीच्या विवरणात गेलं की जास्त लागलेली रक्कम कमी करायचा सरळ मार्ग म्हणजे जीएसटी कायद्याच्या कलम 34 खालची क्रेडिट नोट. परस्पर 3,540 कापून पैसे पाठवले, तर सप्लायरच्या खात्यात तेवढी बाकी कायम दिसत राहते. शिवाय जो माल मिळालाच नाही, त्याच्यावरच्या 540 रुपयांचं क्रेडिट खरेदीदाराला घेता येत नाही.

आणि हे सगळं लेखी हवं, तेही वेळेत. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे, करार असला तरी, माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात. माल उतरल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत घेतली नाही, तर उतरला तोच दिवस स्वीकृतीचा धरला जातो. हरकत घेतली असेल, तर सप्लायरने ती दूर केल्याच्या दिवसापासून मुदत मोजतात. फोनवर झालेलं बोलणं इथे कामाला येत नाही. मालाच्या दिवशीच फोन केला असेल, तरी त्याच संध्याकाळी वरचं पत्र ईमेलने जायला हवं.

क्रेडिट नोट आली की तिच्यावर मूळ बिलाचा नंबर आहे का, 3,000 आणि 540 असे दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवलेत का, एवढं पाहून ती बिलाच्याच फाइलला लावायची आणि 40,120 रुपये सोडायचे.