डिस्चार्ज मिळाला, पण घरी कधी जायचं?

सकाळी नऊला राउंडवर आलेले डॉक्टर टाके बघतात, "आजी, आज घरी जायचं हं" म्हणतात आणि पुढच्या खाटेकडे वळतात. मुलगा लगेच गाडी सांगतो, सून पिशव्या भरते. मग अकरा वाजतात, एक वाजतो. सिस्टर म्हणतात, "फाइल खाली गेलीय." बिलिंगवाले म्हणतात, "समरीच आली नाही." दुपारी विम्याच्या खिडकीवर उत्तर मिळतं, "अप्रूव्हल यायचंय." आजी लिफ्टमध्ये शिरतात तेव्हा साडेचार झालेले असतात. ऑपरेशन उत्तम झालेलं असतं, पण नातेवाइकांत पुढे महिनाभर चर्चा होते ती या साडेसात तासांची.

अशी तक्रार आली की व्यवस्थापन बहुधा स्टाफला सौजन्याचं ट्रेनिंग देतं. ते दरवेळी उपयोगी का पडत नाही, याचं उत्तर 1985 साली मांडलेल्या एका मॉडेलमध्ये आहे. ए. परशुरामन, व्हॅलरी झाइथामल आणि लिओनार्ड बेरी या तिघांनी बँका, क्रेडिट कार्ड, शेअर दलाली आणि उपकरणांची दुरुस्ती या चार सेवांमधल्या ग्राहकांशी आणि अधिकाऱ्यांशी सविस्तर बोलून ते तयार केलं. रुग्णालयं त्या अभ्यासात नव्हती, पण पुढे हे मॉडेल तिथेही भरपूर वापरलं गेलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ग्राहकाची अपेक्षा आणि त्याला आलेला अनुभव यांतली तफावत ही पाचवी दरी. ग्राहकाला तेवढीच दिसते. ती पडते मात्र संस्थेच्या आतल्या चार दऱ्यांमुळे, आणि त्यांतली नेमकी कोणती रुंदावली आहे हे कळल्याशिवाय दुरुस्ती भलत्याच जागी होते.

आजींचा दिवस घड्याळ लावून पाहू. उदाहरण कल्पित आहे, पण टप्पे कुठल्याही मध्यम खासगी रुग्णालयातले. नऊला डॉक्टरांनी सांगितलं. डिस्चार्ज समरी तयार होऊन तिच्यावर सही झाली अकरा चाळीसला. न वापरलेली औषधं फार्मसीला परत करून वॉर्डाचा हिशेब मिटला बारा वीसला. एक वाजता अंतिम बिल निघालं आणि दहा मिनिटांनी ते विमा कंपनीकडे गेलं. मंजुरी आली तीन पंचवीसला. उरलेली रक्कम भरणं, गोळ्या समजावून घेणं, गेटपास यांत आणखी तासभर गेला.

आता गंमत बघा. या रुग्णालयाचं लेखी मानक आहे: वॉर्डातून फाइल मिळाल्यापासून 45 मिनिटांत अंतिम बिल. लागली 40. विमा नियामक 'इर्डाई'च्या 2024च्या परिपत्रकानुसार, रुग्णालयाकडून विनंती आल्यापासून तीन तासांच्या आत विमा कंपनीने डिस्चार्जची अंतिम मंजुरी द्यायची असते. लागले सव्वादोन तास. म्हणजे मासिक अहवालात दोन्ही रकाने हिरवे, आणि तरी आजी साडेसात तास अडकलेल्या.

ही दुसरी दरी, म्हणजे ग्राहकाला काय हवं हे ठाऊक असूनही सेवेची मानकं त्याप्रमाणे न आखणं. रुग्णाचं घड्याळ डॉक्टरांच्या तोंडून "घरी जा" निघालं तेव्हाच सुरू होतं आणि लिफ्टपाशी थांबतं. रुग्णालय मोजतंय त्यातला बिलिंगचा तुकडा. सकाळचे दोन तास चाळीस मिनिटं कुणाच्याच मानकात बसत नाहीत, म्हणून त्यांचा जाब कुणालाच विचारला जात नाही. खिडकीवरच्या माणसाने कितीही गोड बोलावं, हे तास कमी होणार नाहीत.

तिसरी दरी वेगळी. मानक ठीक आहे, पण प्रत्यक्षात पाळलं जात नाही. समजा नियम आहे की ठरलेल्या डिस्चार्जची समरी आदल्या रात्रीच लिहून ठेवायची. पण रात्रपाळीला दोन वॉर्डांत मिळून एकच निवासी डॉक्टर. तो आधी ताप चढलेल्या रुग्णाकडे धावेल की समरी लिहीत बसेल? सही करणारे सर्जनही राउंडनंतर थेट ओटीत गेलेले. इथे चूक आळसाची नसते, मनुष्यबळाची आणि कामाच्या वाटणीची असते. आणि या दरीत ग्राहकाचाही वाटा असू शकतो. ओळखपत्राची प्रत आधी मागूनही दिलेली नसेल, तर विमा कंपनीचा प्रश्न परत येतो आणि तास वाढतो.

पहिली दरी व्यवस्थापनाच्या समजुतीत असते. त्यांना वाटतं, लोक वेळेला वैतागलेत, म्हणून ते प्रतीक्षाकक्षात टीव्ही आणि कॉफी मशिन बसवतात. वॉर्डात दहा मिनिटं बसून ऐकलं तर कळेल की नातेवाइकांना एक नक्की वेळ हवी असते, कारण गाडीवाला थांबायचे पैसे मागतो आणि दुपारचं जेवण घरून मागवायचं की नाही हे ठरत नाही. चौथी दरी शब्दांची. जाहिरातीत "झटपट कॅशलेस डिस्चार्ज", आणि वॉर्डात सिस्टरचं "होईल अर्ध्या तासात". बिचाऱ्या धीर देण्यासाठी बोलतात, पण त्याच वाक्याने अपेक्षा वर चढते.

पाचवी दरी मोजण्यासाठी याच तिघांनी 1988 मध्ये 'सर्व्हक्वाल' नावाची प्रश्नावली दिली: 22 विधानं, प्रत्येकाला दोनदा गुण, एकदा अपेक्षेसाठी, एकदा अनुभवासाठी. अनुभवातून अपेक्षा वजा करायची. समजा "सांगितलेल्या वेळेत काम होतं" याला सातपैकी अपेक्षा 6.4 आणि अनुभव 3.9 आला, तर उरतं उणे 2.5. "इमारत स्वच्छ, नीटनेटकी" याला अपेक्षा 5.8, अनुभव 6.0, म्हणजे अधिक 0.2. अशा वेळी लॉबीला नवी फरशी बसवणं म्हणजे उधळपट्टी. मात्र हे आकडे दुखतंय कुठे एवढंच सांगतात. कारण कळायला टप्प्यांच्या वेळा आणि लेखी मानकं शेजारी ठेवावी लागतात. मानक मोडलं असेल तर तिसरी दरी. मानक पाळूनही रुग्ण नाराज असेल, तर आधी मानकावर आणि त्यामागच्या समजुतीवर शंका घ्यायची, मग कुणी काय कबूल केलं होतं ते तपासायचं.

आपल्या रुग्णालयात सर्वांत स्वस्त उपाय चौथ्या दरीत सापडतो. राउंडनंतर वॉर्डातूनच स्पष्ट सांगायचं, "कॅशलेस आहे, चार-साडेचार होतील, जेवण इथेच देऊ." एक मिनिटही वाचलं नाही, तरी तफावत घटते. खरे तास वाचवायचे तर "डॉक्टरांचा शब्द ते खाट रिकामी" असं अख्खं मानक आणि त्याचा एकच जबाबदार माणूस लागेल.

पण याच ठिकाणी मॉडेलची कमजोर बाजूही उघडी पडते. तफावत अपेक्षा उतरवूनही कमी होते. 1992 मध्ये क्रोनिन आणि टेलर यांनी आक्षेप घेतला की अपेक्षा मोजूच नये, नुसता अनुभव मोजणं पुरेसं. रुग्णालयात हा आक्षेप जास्त टोचतो. दिवसभर रांगेत उभं राहायची सवय असलेला, कुणाकडून फारशी आशा न ठेवणारा रुग्ण अपेक्षेला तीन आणि अनुभवाला तीन गुण देईल. वजाबाकी शून्य येईल, आणि अहवालात तो समाधानी रुग्णांच्या रांगेत दिसेल.