भागीदारीचा करार शेवटापासून लिहावा

पुण्यात तीन आरसीसी कन्सल्टंट एकत्र येऊन मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, काढायचं ठरवतात असं समजा. थोरल्यांकडे पैसा आणि जुने बिल्डर. मधल्याकडे चांगले संगणक, परवान्याची सॉफ्टवेअर आणि झपाट्याने ड्रॉइंग काढणारी दोन माणसं. धाकटीकडे नवी पदवी आणि रात्री जागायची तयारी. नोंदणी होते आणि करार दाखल करायला तीस दिवस मिळतात. मग कुणीतरी ओळखीच्या सीएकडून एक तयार नमुना आणतं, नावं बदलतं, सह्या होतात. घोडं अडतं ते चार-पाच वर्षांनी, एकजण निघतो म्हणाला की.

2008च्या एलएलपी कायद्यात करारातल्या रिकाम्या जागा भरायची सोय आहे. करार जिथे गप्प, तिथे पहिली अनुसूची बोलते. भांडवलात आणि नफ्यातोट्यात सगळ्यांचा वाटा समान, काम केल्याचा मेहनताना कुणालाच नाही, आणि बहुमत कितीही असलं तरी कुणाला काढून टाकता येत नाही, अशी तिची उत्तरं आहेत. आमच्या तिघांपैकी थोरल्यांनी बारा लाख घातले आणि धाकटीने एक, तरी करार गप्प असेल तर नफ्याचे तीन सारखे भाग. हे कुणाच्याच मनात नसतं. म्हणून मी सांगेन की करार लिहायला बसाल तेव्हा बाहेर पडण्याचं कलम आधी लिहा. भांडवल कसं मांडायचं, हे त्यातूनच ठरतं.

मधला भागीदार निघाला, तर त्याला काय मिळतं? कायद्याचं कलम 24 सांगतं की त्याने प्रत्यक्ष घातलेलं भांडवल, अधिक साठलेल्या नफ्यातला वाटा, वजा साठलेला तोटा. आणि हिशेब तो निघाला त्या तारखेचा. त्याने चार लाखांची सामग्री आणली होती, त्याचा वाटा तीस टक्के ठरला होता आणि न वाटलेला नफा नऊ लाख आहे. चार अधिक दोन लाख सत्तर हजार, म्हणजे सहा लाख सत्तर हजार. आकडा सरळ दिसतो.

पण आरसीसी कन्सल्टंटची फी स्लॅबगणिक येते आणि बिल्डर ती सवडीने देतो. एलएलपीला हिशेब रोखीच्या पद्धतीने ठेवायची मुभा आहे, आणि पैसे हातात आल्यावरच उत्पन्न धरायचं, हे अशा कार्यालयांना सोयीचं वाटतं. मग मधला निघताना बाजारात अडकलेली चाळीस लाखांची बिलं साठलेल्या नफ्यात दिसतच नाहीत. त्यांतली निम्मी ड्रॉइंग त्याने केलेली असतात. उलट हिशेब येणे धरून असेल, तर कधीच न मिळणाऱ्या बिलांवरचा वाटाही त्याला रोख द्यावा लागतो, आणि मागे राहिलेल्यांच्या पगाराची पंचाईत होते.

यावर उपाय म्हणजे निघायच्या तारखेला थकलेल्या बिलांची यादी करायची, तिच्यावर तिघांच्या सह्या घ्यायच्या, आणि पुढच्या अठरा महिन्यांत यादीतलं जे वसूल होईल त्यातच त्याचा वाटा धरायचा. चाळीसपैकी अठ्ठावीस लाख आले, तर तीस टक्क्यांनी आठ लाख चाळीस हजार. एलएलपीला त्यावर तीस टक्के आयकर आणि उपकर मिळून 31.2 टक्के भरावे लागतात असं धरलं, तर त्याच्या हाती साधारण पाच लाख अठ्ठ्याहत्तर हजार. कर आधी वजा करायचा की नंतर, हे एका ओळीत लिहिलं नाही, तर अडीच लाखांहून जास्त रकमेवरून भांडण ठरलेलं. अर्धवट कामांसाठीही असंच, शेवटचा कुठला स्लॅब त्याच्या हिशेबात, ते नोंदवायचं.

आता भांडवलाकडे या. कायदा रोख, वस्तू, जागा, इतकंच काय, पुढे करायच्या कामाचा करारही भांडवल म्हणून मान्य करतो. रोखीखेरीज जे असेल त्याची किंमत सीए, कॉस्ट अकाउंटंट किंवा मान्य मूल्यांकनकाराकडून ठरवून घ्यावी लागते. मधल्याचे संगणक चार लाखांचे धरले, तर तो निघताना संगणक घेऊन जाणार की चार लाख, हे आत्ताच लिहायचं. पाच वर्षांनी ते संगणक कुणालाच नको असतात. धाकटीची मेहनत मात्र मी भांडवलात कधीच धरणार नाही. पाच लाखांचं काम म्हणून नोंदवलं आणि ती वर्षाने गेली, तर प्रत्यक्ष किती घातलं याचं उत्तर कुणाकडेच नाही. तिला नफ्यात जास्त वाटा द्या आणि दरमहा मेहनताना द्या. तो मेहनताना किती किंवा कसा मोजायचा हे करारात असावं लागतं, नाहीतर आयकरात तो खर्च म्हणून धरला जात नाही. आणि थोरल्यांना स्वतःचं ऑफिस भांडवल म्हणून घालायची हौस असेल तर आवरा. त्यावर मुद्रांक शुल्क जागेच्या विक्रीसारखं लागतं. भाड्याने दिलं की काम भागतं.

निघण्याची नोटीस कायद्यात किमान तीस दिवसांची आहे. अर्धवट इमारतींच्या कामात ती पुरत नाही. सहा महिने लिहा. त्यासोबत अनेक नमुन्यांत एक ओळ असते, 'निघालेला भागीदार तीन वर्षे हाच व्यवसाय करणार नाही.' तिच्यावर विसंबू नका. करार कायद्याचं कलम 27 धंद्यावरची बंदी निरर्थक ठरवतं. जुन्या भागीदारी कायद्यात निघणाऱ्या भागीदारासाठी अपवाद आहे, पण तो कायदा एलएलपीला लागू नाही. बंदीऐवजी हिशेब लिहा, म्हणजे चालू ग्राहक सोबत नेला तर पहिल्या वर्षाच्या फीचा ठरावीक भाग एलएलपीला. तो टिकण्याची शक्यता बंदीपेक्षा जास्त. 'मर्यादित दायित्व' म्हणून निर्धास्तही राहू नये. मधल्याने सही केलेल्या इमारतीला तडा गेला, तर त्याच्या स्वतःच्या चुकीची जबाबदारी तो निघून गेल्यावरही त्याचीच. व्यावसायिक विम्याचा हप्ता पुढची किती वर्षं कोण भरणार, हेही म्हणूनच करारात हवं.

वाद झालाच, तर सगळ्यांना एकाच दारातून पाठवू नका. आकड्यांचा वाद, म्हणजे किती वसूल झालं, किती कर लागला, हा लवादाचा नाही, हिशेबनिसाचा. तिघांशी संबंध नसलेला सीए नेमा आणि त्याचा आकडा अंतिम माना. बाकीच्या वादांना आधी तीस दिवस मध्यस्थी, मग एकच लवाद, स्थळ पुणे. सहा-सात लाखांसाठी तीन लवाद बसवले तर फीच वादाहून मोठी होते. 'लवाद थोरले भागीदार नेमतील' हे कलम मात्र खोडा. वादात हितसंबंध असलेल्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली पर्किन्स ईस्टमन प्रकरणात सांगितलं आहे.

एक बारीक गोष्ट वकीलही विसरतात. निघणाऱ्याचे पैसे देणं लागते ती एलएलपी, दुसरे भागीदार नव्हे. अनुसूचीतलं लवादाचं कलम फक्त भागीदारांमधल्या वादांपुरतं आहे. म्हणून करारावर एलएलपीचीही सही घ्या. करार नोंदणीआधीच झाला असेल, तर नोंदणीनंतर सगळ्यांनी तो मंजूर करून घ्यायचा. आणि मधल्याने निघाल्यावर फॉर्म 4 भरला गेला का ते स्वतः पाहावं, कारण ज्यांना तो निघाल्याचं ठाऊक नाही त्यांच्या लेखी तोवर तो भागीदारच असतो. एलएलपी भरेलसं वाटत नसेल, तर ती सूचना निबंधकाकडे त्याला स्वतःला देता येते.